सेफमधून पाठवलेलं इथर एक्स्चेंजवर जमा झालं नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण, कुडाळ आणि वेंगुर्ला या तीन गावांत बसून आम्ही तिघं एका परदेशी ग्राहकासाठी सॉफ्टवेअरचं काम करतो. मोबदला इथर या क्रिप्टो चलनात येतो आणि तो तिघांच्या सामाईक वॉलेटमध्ये पडतो, त्याचं नाव सेफ. तिघांपैकी दोघांनी सही केल्याशिवाय त्यातून काही बाहेर जात नाही. एप्रिलच्या शेवटी आम्ही तिथून ०.८५ इथर माझ्या एक्स्चेंजच्या खात्यावर पाठवलं आणि ते जमा झालं नाही. ते मिळवताना जे कळलं ते ओळखीच्यांना सांगत गेलो. आता तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. एक्स्चेंजचं नाव विचारू नका. हा घोळ एकाच ठिकाणी होतो असं नाही, आणि आमच्या एक्स्चेंजने शेवटी पैसे दिले.

ट्रान्झॅक्शन यशस्वी दाखवतंय, मग खात्यात शून्य का?

कारण तुम्ही ज्याला ट्रान्झॅक्शन म्हणता, त्यात एक्स्चेंजला पैसे पाठवल्याची नोंदच नाही.

आमचंच उदाहरण घ्या. सेफच्या स्क्रीनवर मी माझा डिपॉझिट पत्ता टाकला, ०.८५ लिहिलं आणि सही केली. कुडाळच्या मित्राने दुसरी सही केली, आणि त्यानेच आपल्या वॉलेटमधून गॅस, म्हणजे व्यवहाराचं शुल्क, भरून ते ब्लॉकचेनच्या साखळीवर पाठवलं. मग साखळीवरचे व्यवहार दाखवणाऱ्या इथरस्कॅन या साइटवर पाहिलं तर `From` मध्ये मित्राचा पत्ता, `To` मध्ये आमच्या सेफचा पत्ता आणि `Value` मध्ये `0 ETH`. माझ्या डिपॉझिट पत्त्याचं त्या मुख्य नोंदीत नावही नव्हतं.

मित्राचा फोन आला, "अरे, पैसे गेले खंय?" गेले होते बरोबर जागी. पण गेले ते दुसऱ्या पायरीवर. मित्राच्या ट्रान्झॅक्शनने सेफच्या कॉन्ट्रॅक्टला, म्हणजे साखळीवरच्या त्याच्या कोडला, फक्त `execTransaction` हा आदेश दिला. तो चालवताना कॉन्ट्रॅक्टने स्वतःच्या शिलकीतून ०.८५ इथर डिपॉझिट पत्त्याला दिलं. या दुसऱ्या पायरीलाच इंटरनल ट्रान्सफर म्हणतात. आमच्या एक्स्चेंजची यंत्रणा ती पाहतच नव्हती.

म्हणजे नक्की काय? जरा सोपं करून सांगा.

जेटीवर एक कारकून बसलाय असं समजा. त्याच्याकडे दिवसभराच्या होड्यांची वही आहे: कुठली होडी, कुणाकडे, किती टोपल्या. तुमच्या नावाची होडी दिसली की तो तुमच्या खात्यावर टोपल्या चढवतो. आमच्या होडीची नोंद होती, "सेफकडे गेली, टोपल्या शून्य." सेफने आपल्या वखारीतून एक टोपली काढली आणि ती एक्स्चेंजच्या दारात नेऊन ठेवली. टोपली दारात आहे, पण वहीत तिची ओळ नाही, आणि हा कारकून दाराकडे बघत नाही.

तांत्रिक बाजूने सांगायचं तर इथेरियमवर दोन प्रकारची खाती असतात. एक खाजगी किल्लीवर चालणारं साधं खातं, दुसरं कोडवर चालणारं कॉन्ट्रॅक्ट खातं. ब्लॉकमधल्या ट्रान्झॅक्शनच्या यादीत येणारी प्रत्येक नोंद साध्या खात्यापासूनच सुरू होते. कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून ट्रान्झॅक्शन सुरू करू शकत नाही, त्याला कोणीतरी हाक मारावी लागते. त्यामुळे कॉन्ट्रॅक्टने दिलेलं इथर नेहमी कुणा दुसऱ्याच्या ट्रान्झॅक्शनच्या पोटातच हलतं. ब्लॉकच्या यादीत त्याला स्वतःची ओळ नाही, स्वतःचा हॅश, म्हणजे ओळखीचा क्रमांक, नाही. इथरस्कॅनवर `Internal Transactions` म्हणून जे दिसतं, ते इथरस्कॅनने ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवून, आत काय घडलं ते टिपून वेगळं मांडलेलं असतं.

एक्स्चेंजची यंत्रणा मग वाचते तरी काय?

जी यंत्रणा इंटरनल ट्रान्सफर सोडून देते तिचा गाभा साधारण असा असतो:

```
for tx in block.transactions:
    if tx.to in deposit_addresses and tx.value > 0:
        credit(tx.to, tx.value)
```

ब्लॉक आला, त्यातली प्रत्येक नोंद पाहिली, `to` आपल्या कुठल्या ग्राहकाच्या डिपॉझिट पत्त्याशी जुळला आणि रक्कम शून्याहून जास्त असली की जमा. मेटामास्कसारख्या साध्या वॉलेटमधून पाठवलेलं इथर यात अचूक सापडतं. याच पत्त्यावर मी पूर्वी साध्या वॉलेटमधून पैसे टाकले होते आणि ते चहा संपायच्या आत आले होते, म्हणून तर या वेळी पत्त्याबद्दल शंकाच आली नाही. आता मात्र `to` होता सेफ आणि `value` होती शून्य. पहिल्याच अटीवर आमची नोंद गळाली. कुठलीही चूक नोंदली गेली नाही, कुणाला इशारा गेला नाही. यंत्रणेच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

हे ते मुद्दाम करतात का?

काही जण आळसाने, काही जण विचारपूर्वक. दुसऱ्यांची बाजू मला बऱ्यापैकी पटते.

पहिलं कारण खर्चाचं. आतली हालचाल पाहायची तर प्रत्येक ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवून तिचा माग काढावा लागतो. नोडला, म्हणजे साखळीची प्रत सांभाळणाऱ्या संगणकाला, त्यासाठी `debug_traceTransaction` किंवा `trace_block` अशी मागणी करावी लागते, आणि ती नुसता ब्लॉक वाचण्यापेक्षा कितीतरी जड असते. शिवाय गेथ या सॉफ्टवेअरवरचा साधा नोड सहसा शेवटच्या १२८ ब्लॉकचीच स्थिती हाताशी ठेवतो. बारा सेकंदांना एक ब्लॉक धरला तर ही जेमतेम पंचवीस मिनिटं झाली. त्याहून जुना माग हवा तर सगळा इतिहास सांभाळणारा आर्काइव्ह नोड लागतो. तुमच्या तक्रारीचं तिकीट दहा दिवसांनी उघडणाऱ्या माणसाला म्हणूनच ते "चटकन तपासता" येत नाही.

दुसरं कारण फसवणुकीचं आहे आणि ते जास्त महत्त्वाचं. बाहेरचं ट्रान्झॅक्शन यशस्वी होऊनही आतली एखादी पायरी फसून उलटू शकते. मागात ती पायरी रकमेसकट दिसते, फक्त तिच्यावर `error` असा शिक्का असतो. तिच्या वरची एखादी पायरी उलटली तर खालची स्वच्छ दिसणारी पायरीही रद्द होते. हे नीट न तपासता रक्कम जमा केली तर एक्स्चेंज न आलेले पैसे वाटत सुटेल. २०१८ मध्ये एका मोठ्या एक्स्चेंजमधला नेमका असाच दोष जाहीर झाला होता: कॉन्ट्रॅक्टमधून अनेक पत्त्यांना इथर वाटायचं, शेवटची पायरी मुद्दाम फसवायची, साखळीवर सगळं उलटायचं पण एक्स्चेंजच्या वहीत जमा तशीच राहायची. असलं काही ऐकलं की "आतलं काही मोजायचंच नाही" हा सोपा मार्ग कुणालाही सुचेल.

माझी तक्रार वेगळी आहे. मोजत नसाल तर डिपॉझिटच्या पानावर, पत्त्याच्या वरच, मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या एक्स्चेंजने ते मदत विभागातल्या एका लेखाच्या तळाशी लिहिलं होतं. पैसे अडकल्यावर तो लेख सापडला.

माझंही हेच झालंय हे कसं ओळखायचं?

इथरस्कॅनवर तुमच्या ट्रान्झॅक्शनचं पान उघडा आणि तीन गोष्टी पाहा.

`To` समोर कॉन्ट्रॅक्टचा पत्ता आणि `Value` शून्य असेल तर निम्मं उत्तर मिळालं. मग `Internal Txns` हा टॅब उघडा. तिथे तुमच्या सेफपासून डिपॉझिट पत्त्यापर्यंत पूर्ण रक्कम गेलेली दिसली पाहिजे. शेवटी डिपॉझिट पत्त्यावर टिचकी मारून त्याची शिल्लक पाहा. आमच्या बाबतीत तिथे ०.८५ इथर जसंच्या तसं पडून होतं. एक्स्चेंज जमा झालेल्या रकमा अधूनमधून आपल्या मुख्य वॉलेटकडे ओढून नेतं, पण जे जमाच दिसलं नाही ते ओढायला कोणी आलं नव्हतं.

तुमच्या पत्त्यावर शिल्लक शून्य दिसली तरी घाबरू नका. त्या पत्त्यावरून नंतर बाहेर गेलेली नोंद शोधा. दुसऱ्या एखाद्या जमेबरोबर यंत्रणेने सगळी शिल्लक उचलली असेल. काही एक्स्चेंजचे डिपॉझिट पत्ते स्वतःच कॉन्ट्रॅक्ट असतात आणि आलेलं इथर त्याच क्षणी पुढे ढकलतात. दोन्ही बाबतीत पैसे एक्स्चेंजकडेच आहेत.

नोड चालवणारा कोणी मित्र असेल तर माग काढून घ्या, तिकिटाला जोडायला तो सर्वांत पक्का पुरावा आहे. `callTracer` वापरून आमचा माग असा दिसला, पत्ते आणि सह्या तपासण्याच्या मधल्या पायऱ्या गाळून:

```
{ "type": "CALL", "from": "0x…owner", "to": "0x…safe",
  "value": "0x0",
  "calls": [
    { "type": "DELEGATECALL", "from": "0x…safe",
      "calls": [
        { "type": "CALL", "from": "0x…safe",
          "to": "0x…deposit",
          "value": "0xbcbce7f1b150000" } ] } ] }
```

बाहेर `0x0`, आणि सर्वांत आत `0xbcbce7f1b150000`. हा आकडा दशमान पद्धतीत मांडला तर ८५००००००००००००००००० वेई होतो, म्हणजे ०.८५ इथर. सगळं प्रकरण या दोन ओळींत आहे.

यशस्वी दिसतंय पण `Internal Txns` मध्ये काहीच नाही. आता?

मग पैसे बहुधा तुमच्या सेफमध्येच आहेत. `Logs` टॅबमध्ये `ExecutionSuccess` आहे की `ExecutionFailure`, ते पाहा. सेफमध्ये `safeTxGas` हा आकडा शून्य सोडून दुसरा दिलेला असेल, तर आतलं देणं फसलं तरी बाहेरचं ट्रान्झॅक्शन हिरवंच राहू शकतं. `ExecutionFailure` दिसलं तर एक्स्चेंजला लिहायचं कारणच नाही. सेफची शिल्लक पाहा आणि पुन्हा पाठवा.

सपोर्ट म्हणतं, "हा हॅश सापडत नाही." मी तर सेफमधूनच कॉपी केलाय.

इथे आमचे सहा दिवस गेले, म्हणून जरा सविस्तर.

सेफच्या प्रत्येक व्यवहाराला दोन हॅश असतात. पहिला `safeTxHash`. तो मालक ज्या मजकुरावर सही करतात त्याचा हॅश आहे आणि व्यवहार साखळीवर जायच्या आधीच तयार होतो. इथरस्कॅनच्या शोधात तो टाकला तर काही मिळत नाही, कारण साखळीच्या लेखी ते ट्रान्झॅक्शन नाहीच. दुसरा हॅश प्रत्यक्ष ट्रान्झॅक्शनचा, जो शेवटच्या माणसाने गॅस भरून पाठवल्यावर जन्मतो. दोन्ही `0x` ने सुरू होतात, दोन्हींची लांबी तेवढीच, आणि सेफच्या तपशिलात दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. मी पहिला पाठवला. सपोर्टने तो शोधला, मिळाला नाही, "व्यवहार अस्तित्वात नाही" असं लिहून तिकीट बंद केलं. त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.

पाठवण्यापूर्वी हॅश स्वतः इथरस्कॅनवर टाकून बघा. पान उघडलं तरच तो बरोबर.

तिकिटात काय लिहू?

पहिला वाचणारा माणूस फार तर `To` आणि `Value` पाहतो, तिथे शून्य दिसलं की "चुकीचा पत्ता" असं उत्तर चिकटवतो. म्हणून पहिल्याच वाक्यात सांगा की हे स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट वॉलेटमधून आलेलं इथर आहे, मुख्य नोंदीत रक्कम शून्य आहे आणि खरी रक्कम इंटरनल ट्रान्सफरने तुमच्या पत्त्यावर आली आहे. त्याखाली खरा हॅश, ब्लॉकचा क्रमांक, नेटवर्कचं नाव, सेफचा पत्ता, डिपॉझिट पत्ता आणि रक्कम. `Internal Txns` चा आणि डिपॉझिट पत्त्याच्या शिलकीचा स्क्रीनशॉट जोडा. एक्स्चेंजच्या अॅपमध्ये तो डिपॉझिट पत्ता तुमच्या नावावर दिसतो त्याचाही जोडा.

मग एकच मागणी करा: हे तिकीट ब्लॉकचेन किंवा वॉलेट सांभाळणाऱ्या तांत्रिक विभागाकडे पाठवा, हाताने जमा करावं लागेल. "माझे पैसे कधी मिळतील" असं विचारलं की छापील उत्तर येतं. माझं दुसरं तिकीटही तसंच बंद झालं होतं. तिसऱ्यात वरीलप्रमाणे लिहिलं तेव्हा चार दिवसांत वेगळ्या माणसाचं उत्तर आलं, आणि त्याच्या पहिल्या ओळीत "इंटरनल" हा शब्द होता. तेव्हा जीव भांड्यात पडला.

रागाच्या भरात एकाच व्यवहारासाठी पाच तिकिटं उघडू नका. ती एकमेकांत जोडली जातात आणि तुमचा नंबर मागे जातो.

"पाठवणाऱ्या वॉलेटमधून सही करून मालकी सिद्ध करा" असं म्हणतात. सेफमधून सही कशी करायची?

हा या प्रकरणातला सर्वांत विनोदी भाग. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्याकडचे एक्स्चेंज मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आले, त्यामुळे पैसे कुठून आले हे ते विचारणारच, आणि विचारावंही. पण त्यांचा नेहमीचा फॉर्म गृहीत धरतो की पाठवणाऱ्या पत्त्याला खाजगी किल्ली आहे. सेफला किल्ली नाही. तो कोड आहे. मालकांना किल्ल्या आहेत.

कॉन्ट्रॅक्टच्या वतीने सही तपासण्यासाठी ईआयपी-१२७१ हे प्रमाण आहे. त्यात सही बरोबर आहे का हे कॉन्ट्रॅक्टलाच `isValidSignature` विचारून ठरतं. सेफला ते येतं, आमच्या एक्स्चेंजच्या फॉर्मला येत नव्हतं. मग त्यांनी पर्याय सुचवला: त्याच वॉलेटमधून ठरावीक छोटी रक्कम पाठवा, ती दिसली की मालकी सिद्ध. आता ती छोटी रक्कमसुद्धा सेफमधून म्हणजे इंटरनल ट्रान्सफरनेच जाणार, आणि ती त्यांना दिसणार नाही! हे मी जमेल तितक्या सभ्य शब्दांत लिहिलं.

शेवटी चाललं ते असं. इथरस्कॅनवर सेफच्या `Read as Proxy` मध्ये `getOwners` उघडलं की मालकांचे पत्ते दिसतात आणि `getThreshold` मध्ये किती सह्या लागतात ते. त्यांचा स्क्रीनशॉट दिला. मग आम्ही दोघांनी आपापल्या साध्या वॉलेटमधून एक्स्चेंजने दिलेल्या मजकुरावर सही केली. तिकिटाचा क्रमांक त्या मजकुरात घातला होता, म्हणजे ती सही दुसरीकडे कुणाला वापरता येणार नाही. पैसे तिघांच्या कामाचे आहेत हे दाखवायला ग्राहकाचं बिलही जोडावं लागलं. वेंगुर्ल्याच्या ताईने सगळी बिलं फाइलला लावून ठेवली होती म्हणून वेळ वाचला, माझ्यावर असतं तर मेलमध्ये शोधत बसलो असतो.

त्याच पत्त्यावर साध्या वॉलेटमधून थोडं इथर पाठवलं तर अडकलेलं मोकळं होईल का?

हा सल्ला सगळीकडे फिरतो. त्यात अर्धं तथ्य आहे. नवी रक्कम दिसल्यावर यंत्रणा पत्त्यावरची सगळी शिल्लक आपल्या मुख्य वॉलेटकडे ओढेल, असं बरेचदा होतं. पण तुमच्या खात्यावर फक्त नवी रक्कम चढेल. ओढणं वेगळं आणि वहीत लिहिणं वेगळं. वर तुमचा सर्वांत साधा पुरावा, म्हणजे पत्त्यावर दिसणारी शिल्लक, नाहीसा होतो. तिकीट चालू असताना त्या पत्त्याला हात लावू नका.

सेफमधून यूएसडीसी पाठवलेलं मात्र लगेच जमा झालं होतं. ते कसं?

टोकनचा हिशेब वेगळ्या वहीत असतो. यूएसडीसीसारखं टोकन हललं की त्याचं कॉन्ट्रॅक्ट `Transfer` नावाचा लॉग सोडतं, मग ती हालचाल ट्रान्झॅक्शनच्या कितीही आत झालेली असो. एक्स्चेंज टोकनसाठी हे लॉग वाचतं. इथर हलताना असा लॉग निघत नाही, सगळं दुखणं तिथेच आहे. इथरसाठीही लॉग निघावा असा ईआयपी-७७०८ हा प्रस्ताव आहे.

म्हणून काही जण सेफमध्येच इथर विकून यूएसडीसी पाठवतात. चालतं, पण ती विक्री झाली, तिचा कराचा हिशेब तुमच्या मागे लागेल. आणि इथरला डब्ल्यूइथ या टोकनमध्ये गुंडाळून इथरच्या पत्त्यावर पाठवायची हुशारी करू नका. एक्स्चेंज डब्ल्यूइथ स्वीकारत नसेल तर आधीपेक्षा वाईट अडकाल.

माझ्याकडे सेफ नाही, साधंच वॉलेट आहे. तरी असं होऊ शकतं?

होऊ शकतं. ईमेलने किंवा बोटाच्या ठशाने उघडणारी, गॅस दुसऱ्याने भरणारी बरीच नवी वॉलेटं आतून कॉन्ट्रॅक्टच असतात. त्यांचे व्यवहार ईआरसी-४३३७ च्या पद्धतीने एंट्रीपॉइंट नावाच्या कॉन्ट्रॅक्टमधून जातात. तिथे `From` मध्ये तर तुमच्या ओळखीचाही कोणी नसतो. मे २०२५ च्या पेक्ट्रा बदलानंतर साध्या पत्त्यालाही ईआयपी-७७०२ ने कोड जोडता येतो, आणि मग एका झटक्यात चार व्यवहार पाठवले तर तुमच्या नेहमीच्या पत्त्यावरून गेलेलं इथरही इंटरनल होऊन बसतं. अनेकांना एकदम पैसे वाटणारी साधनं आणि काही अदलाबदल करणारी कॉन्ट्रॅक्टंही इथर असंच पाठवतात. थेट डिपॉझिट पत्ता देऊन तिथून रक्कम मागवू नका.

मग पुढच्या वेळी कसं पाठवायचं?

सेफमधून आधी स्वतःच्या साध्या वॉलेटला, तिथून एक्स्चेंजला. दुसऱ्या टप्प्याला २१,००० गॅस लागतो. दर २ ग्वेई असेल तर ०.००००४२ इथर, म्हणजे खर्च किरकोळ.

खरी किंमत विश्वासाची आहे. मधल्या वेळात तिघांचे पैसे एकाच किल्लीखाली असतात, आणि सेफ घेतला तो नेमकं हेच टाळायला. आम्ही ठरवलंय की दोघं फोनवर असतानाच दोन्ही टप्पे करायचे, लाइट असताना करायचे आणि मोठी रक्कम दोन-तीन हप्त्यांत काढायची. पावसात आमच्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. पहिला टप्पा झाल्यावर राउटर बंद पडला तर रात्रभर कुणाला झोप लागणार नाही.

एक्स्चेंज इंटरनल ट्रान्सफर स्वीकारतं असं लिहून सांगत असेल तरी आधी छोटी रक्कम पाठवून पाहा. ती किमान डिपॉझिटपेक्षा जास्त हवी, नाहीतर ती न दिसण्याचं कारण भलतंच असेल आणि तुम्ही भलताच निष्कर्ष काढाल. शिवाय मुख्य इथेरियमवर चाचणी यशस्वी झाली म्हणून आर्बिट्रम किंवा बेसवरही होईल असं नाही. प्रत्येक नेटवर्कची यंत्रणा वेगळी असू शकते.

टेलिग्रामवर एक जण वीस टक्क्यांत काढून देतो म्हणतोय.

त्या पत्त्याची किल्ली फक्त एक्स्चेंजकडे आहे. तो माणूस काढणार कुठून? ब्लॉक करा.

एक्स्चेंजने नाहीच म्हटलं तर?

अटी वाचा. काही ठिकाणी कॉन्ट्रॅक्टमधून आलेलं इथर परत मिळवण्याचं शुल्क लिहिलेलं असतं, काही ठिकाणी चक्क जबाबदारी झटकलेली असते. तरी तुमचा मुद्दा भक्कम आहे: मालमत्ता त्यांच्या ताब्यातल्या पत्त्यावर आहे, पत्ता त्यांनीच तुम्हाला दिला होता, नेटवर्क बरोबर होतं. तक्रार अधिकाऱ्याला हेच लिहा, आणि तिथून काही झालं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे, तिथे हे प्रकरण बसत नाही. इथे कुणी फसवलेलं नाही.

जमा झाल्यावर कर कापतात का?

स्वतःच्या वॉलेटमधून स्वतःच्या खात्यावर इथर हलवणं म्हणजे विक्री नव्हे. १ टक्का टीडीएस विकताना कापला जातो, नफ्यावरचा ३० टक्के करही विकल्यावर. सामाईक सेफमधले पैसे एकाच्या खात्यावर येतात तेव्हा कुणाचा वाटा किती, हे मात्र सीएला कागदावर दाखवावं लागतं.

तुम्हाला किती दिवस लागले?

तेवीस. त्यातले सहा चुकीच्या हॅशमध्ये, पाच बंद झालेल्या दुसऱ्या तिकिटात, चार तांत्रिक विभागाच्या पहिल्या उत्तराची वाट पाहण्यात आणि बाकीचे सह्या, बिलं आणि त्यांच्या आतल्या मंजुरीत. जमा झालं ते ०.८५ इथरच, शुल्क न कापता. मधल्या काळात इथरचा भाव खाली आला होता, त्याची भरपाई कुणी दिली नाही आणि आम्ही मागितलीही नाही. माझ्या वाट्यातून घराची कौलं परतायची होती. कामगार मृगाच्या आधी दोनच दिवस मोकळे होते, मागची पडवी राहिली. तिच्यावर सध्या ताडपत्री आहे.